टक्के सारखे, गणित सारखं, मग जागा कुणाची?

*आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला ८० जागा आहेत. प्रवेश समितीचं काम यंदा माझ्याकडे आलंय आणि ८० व्या जागेवर दोन मुली अडकल्यात. एक राज्य मंडळाची, दुसरी सीबीएसईची, पाच विषयांची. दोघींना ७१.८ टक्के, दोघींना गणितात ७८. माहितीपत्रकात एवढंच छापलंय, ‘गुण समान असल्यास गणिताचे गुण व त्यानंतर जन्मतारीख विचारात घेतली जाईल.’ ऑफिसच्या एक्सेल शीटनं राज्य मंडळाच्या मुलीला वर ठेवलं. तिची जन्मतारीख ०३/११/२००६, दुसरीची १४/०५/२००६. दुसरीचे वडील येऊन म्हणाले, आमची मुलगी वयानं मोठी, तिचा नंबर आधी हवा. पहिलीचे वडील म्हणतात, लहान वयात तेवढेच गुण मिळवले म्हणजे आमचीच हुशार. प्राचार्य म्हणतात, तुम्हीच ठरवा. काही महिन्यांच्या फरकावरून एखादीची जागा काढून घ्यायला मन धजत नाही. सरळ चिठ्ठी टाकू का?*
*— एक प्राध्यापिका, पुणे*

नमस्कार मॅडम,

चिठ्ठी तूर्त राहू द्या. आधी दोघींच्या गुणपत्रिका काढून शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच मला दिसतंय की या दोघींचे गुण समान नाहीत.

राज्य मंडळाची बारावी ६०० गुणांची. ६०० चे ७१.८ टक्के काढले तर ४३०.८ येतात आणि इतके गुण कुणालाच मिळू शकत नाहीत. म्हणजे ७१.८ हा आकडा कुणीतरी जवळच्या दशांशाला आणून ठेवलेला आहे. तिला ४३० असते तर ७१.६७ टक्के झाले असते, म्हणजे ७१.७. ४३२ असते तर बरोबर ७२. मधे एकच संख्या उरते, ४३१, आणि तिचे होतात ७१.८३ टक्के. सीबीएसईच्या मुलीचे गुण पाच विषयांत ५०० पैकी धरले असतील तर तिचे ३५९ असणार, म्हणजे नेमके ७१.८०. राज्य मंडळाची मुलगी ०.०३ टक्क्यांनी पुढे आहे. गणिताकडे किंवा जन्मतारखेकडे वळायची वेळच येत नाही.

आकडा कुठे कापला गेला असेल याचाही अंदाज बांधता येतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी दोन दशांशांपर्यंत छापलेली असते. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर एकूण टक्केवारी नसतेच, ती मुलांनी किंवा ऑफिसनं काढायची असते. मग दोन्ही एकाच रकान्यात बसवताना कुणीतरी ‘एक दशांश पुरे’ असं ठरवतं. अर्जातच टक्के विचारले असतील तर मुलं स्वतःच तसं भरतात. ६०० वर काढलेली टक्केवारी आणि ५०० वर काढलेली टक्केवारी वेगळी असेल तर त्यांच्यात कमीत कमी ०.०३३ टक्क्यांचं अंतर असतं. एका दशांशात ते लपू शकतं, दोन दशांशांत लपू शकत नाही. पूर्णांकात मांडलं तर फारच गोंधळ होतो. राज्य मंडळाच्या एकट्या यादीत ४२९ पासून ४३४ पर्यंतची सगळी मुलं ‘७२ टक्के’ म्हणून एका रांगेत येतात आणि त्यांतला ४२९ वाला गणितात एक गुण जास्त म्हणून ४३४ वाल्याच्या पुढे जाऊन बसतो.

हे नुसतं गणित झालं. खरे गुण गुणपत्रिकांवरच बघा. सीबीएसईच्या मुलीनं सहावा विषय घेतला असेल आणि तो धरून ६०० पैकी बेरीज केली असेल तर उत्तर बदलेल. तुमच्या नियमात कोणते विषय धरायचे ते लिहिलेलं असणार, तेच दोघींना लावा. पुढच्या वर्षीपासून अर्जात टक्के विचारूच नका. मिळालेले गुण आणि एकूण गुण असे दोन रकाने ठेवा आणि टक्के शीटमध्येच काढा.

आता तुमच्या शीटबद्दल बोलू. तिनं राज्य मंडळाच्या मुलीला वर ठेवलं आणि अनुक्रम बरोबर निघाला. पण ज्या वाटेनं तो निघाला ती वाट चुकीची आहे, आणि मला काळजी वाटते ती याचीच. शीटला दोघींचे ७१.८ समान दिसले, गणित समान दिसलं, मग तिनं जन्मतारखा लावल्या आणि नोव्हेंबरमधली मुलगी मे महिन्यातल्या मुलीच्या वर गेली. मोठी आधी हा रिवाज धरला तर हे उलट व्हायला हवं होतं. म्हणजे तारखांच्या रकान्यात काहीतरी बिघडलंय आणि तसं असेल तर यादीत वर आणखी कुठे कुठे ते बिघडलंय हे तुम्हाला अजून माहीत नाही.

असं होण्याची कारणं तीन आणि तिन्हींचा परिणाम या दोन मुलींपुरता सारखाच दिसतो. पहिलं कारण अगदी साधं. सॉर्ट लावताना टक्के आणि गणित दोन्हींना Largest to Smallest निवडलं जातं आणि त्याच ओघात तारखेलाही Newest to Oldest लागतं. ‘वय जास्त तो वर’ असं डोक्यात असतं म्हणून हात उतरत्या क्रमाकडे जातो. पण वय जास्त म्हणजे तारीख आधीची, त्यामुळे तिथे Oldest to Newest हवं.

दुसरं कारण, तारखा एक्सेलच्या लेखी तारखा नसून नुसता मजकूर असतात. मग शीट डावीकडून एकेक अक्षर बघते. ०३ हे १४ च्या आधी येतं, म्हणून ३ तारखेची मुलगी वर, महिना आणि वर्ष काहीही असो. २००७ साली महिन्याच्या २ तारखेला जन्मलेला मुलगा २००५ च्या २० तारखेवाल्याच्या वर जातो.

तिसरं कारण सगळ्यांत फसवं. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर अशी असेल, तर 03/11/2006 टाइप केल्यावर एक्सेल ती ११ मार्च समजतं आणि निमूट स्वीकारतं. पडद्यावर आकडे तसेच दिसतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. 14/05/2006 मात्र चौदावा महिना नसल्यामुळे तारीख होत नाही, मजकूर म्हणून पडून राहते. एकाच रकान्यात निम्म्या तारखा, निम्मा मजकूर अशी खिचडी होते आणि चढत्या क्रमात एक्सेल आकडे आधी, मजकूर नंतर घेतं. म्हणून १२ तारखेपर्यंत जन्मलेले सगळे वर आणि १३ पासूनचे खाली.

तुमच्याकडे यातलं काय झालंय ते पाच मिनिटांत कळेल. तारखांचा रकाना रुंद करा आणि डावं-उजवं काही अलाइनमेंट लावलं असेल तर काढून टाका. खरी तारीख पेशीच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. सगळ्या डावीकडे असतील तर दुसरं कारण. काही डावीकडे, काही उजवीकडे असतील आणि डावीकडच्या सगळ्या १३ किंवा त्यापुढच्या तारखेच्या निघाल्या तर तिसरं. सगळ्या उजवीकडे असतील तर रकान्याचा फॉरमॅट Number करून पाहा. ३ नोव्हेंबर २००६ ला 39024 दिसायला हवं आणि १४ मे २००६ ला 38851. तसं दिसलं तर तारखा ठीक आहेत, फक्त सॉर्टची दिशा उलटी होती. ३ नोव्हेंबरच्या जागी 38787 दिसलं तर ती ११ मार्च झालेली आहे.

तिसरं कारण निघालं तर शीटमध्ये डागडुजी करत बसू नका. कोणती तारीख उलटली आणि कोणती नाही हे शीट पाहून सांगता येत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून पुन्हा भरावं लागतं. दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही असते, अक्षरी बघून भरा. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने घ्या आणि चौथ्यात `=DATE(G2,F2,E2)` लिहा (E मध्ये दिवस, F मध्ये महिना, G मध्ये वर्ष). मग सेटिंग कुठलीही असो, उलटापालट होणार नाही. सगळ्या अर्जांचं करायला वेळ नसेल तर निदान ज्यांचे टक्के आणि गणित दोन्ही समान आहेत तेवढ्यांचं करा. अशा जोड्या फार नसतात.

गणिताच्या रकान्यातही एकदा डोकावून घ्या. 78 संकेतस्थळावरून कॉपी करताना त्याच्या पुढे non-breaking space नावाची रिकामी जागा चिकटली असेल तर ते गुण मजकूर होतात आणि उतरत्या क्रमात एक्सेल मजकूर आकड्यांच्याही वर ठेवतं. समान टक्क्यांच्या गटात तो मुलगा गणितात ७८ असताना ९५ वाल्याच्या पुढे जातो. दोन्ही मंडळांत गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. एकीचे लेखीचेच गुण आणि दुसरीचे १०० पैकी असं होत नाहीये ना, तेही पाहा.

मी तर म्हणेन, क्रमांकासाठी सॉर्टवर विसंबूच नका. समजा B मध्ये टक्के, C मध्ये गणित आणि D मध्ये जन्मतारीख आहे, तर शेजारच्या रकान्यात हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=1+COUNTIFS(B$2:B$400,">"&B2)
+COUNTIFS(B$2:B$400,B2,C$2:C$400,">"&C2)
+COUNTIFS(B$2:B$400,B2,C$2:C$400,C2,D$2:D$400,"<"&D2)
```

हे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तीन गोष्टी मोजतं: जास्त टक्के असलेले किती, टक्के समान पण गणित जास्त असलेले किती, आणि दोन्ही समान पण आधी जन्मलेले किती. त्यांत एक मिळवला की झाला क्रमांक. वडील जाब विचारायला आले तर हे तीन आकडे त्यांना तोंडी सांगता येतात, हा याचा मोठा फायदा. शिवाय कुठलाही क्रमांक दोनदा आला तर तिथे तिन्ही गोष्टी समान आहेत हे आपोआप उघड होतं. सॉर्टमध्ये ते झाकलं जातं, कारण ज्याचा अर्ज आधी भरला गेला तो गुपचूप वर राहतो. एक काळजी घ्या, B मधले टक्के `=ROUND(100*मिळालेले/एकूण,4)` अशा रीतीनं चार दशांशांत काढलेले असू द्या (मिळालेले आणि एकूण यांच्या जागी तुमच्या रकान्यांची नावं). 71.8333… अशी न संपणारी संख्या राहिली तर तुलना करताना शेवटचे अंक गळतात आणि विद्यार्थी स्वतःलाच स्वतःच्या पुढे मोजतो.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. या दोघींचं सुटलं तरी उद्या राज्य मंडळाचा ४३२ वाला आणि सीबीएसईचा ३६० वाला समोर येतील. दोघांचे नेमके ७२ टक्के, गणितही सारखं. तेव्हा काय?

‘काही महिन्यांच्या फरकावरून जागा काढून घेणं’ असं तुम्ही लिहिलंय. पण ती जागा अजून कुणाचीच झालेली नाही. आणि जन्मतारखेनं कुणाची लायकी ठरते असंही नियम म्हणत नाही. लायकीचं जे मोजायचं ते गणितापर्यंत मोजून होतं. गणित आधी का, तर या अभ्यासक्रमाला तो विषय लागतो म्हणून. नीटमध्ये गुण समान आले की आधी जीवशास्त्र बघतात आणि जेईई मेनमध्ये गणित, ते याच विचारानं. त्यानंतरही दोघं बरोबरीत राहिले तर त्यांच्यात गुणवत्तेचा फरक दाखवणारं काही आपल्या हातात नाही हे मान्य करायचं आणि फक्त रांग लावायची. रांग लावायला असं काहीतरी हवं जे अर्ज भरायच्या आधीच ठरलेलं आहे, कागदावर आहे आणि कुणाला बदलता येत नाही. जन्मतारीख तशी आहे. म्हणून लहान वयात तेवढेच गुण म्हणजे जास्त हुशार, हा युक्तिवाद मला पटत नाही. तो जन्मतारखेला पुन्हा गुणवत्तेचं माप बनवतो, आणि पाच-सहा महिन्यांच्या फरकावरून हुशारी मोजता येत नाही.

मग मोठा आधी का? आपल्याकडच्या भरतीपरीक्षांत तोच प्रघात आहे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण गुण समान आले तर आधी सक्तीचे पेपर आणि मुलाखत यांची बेरीज बघतात, तीही समान असेल तर वयानं मोठा वर. स्टाफ सिलेक्शन कमिशन आणि आयबीपीएस हेही मोठ्यालाच वर ठेवतात. नोकरीत त्याला एक पक्कं कारण आहे. वयोमर्यादा असते, मोठ्याला पुढच्या संधी कमी उरतात. बी.एस्सी.च्या प्रवेशाला हे कारण फारसं लागू होत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करते. इथे मोठा आधी याला आधार एवढाच की बहुतेक ठिकाणी तसं करतात आणि त्यामुळे पालकांना ते अनपेक्षित वाटत नाही.

तुमच्या माहितीपत्रकात दिशा लिहिलेली नाही ही खरी उणीव आहे. ती भरून काढताना या दोन मुलींची नावं समोर ठेवून ठरवू नका. मागच्या वर्षांच्या याद्या काढा आणि समान गुण असताना तिथे कोण वर होतं ते बघा. एकच पद्धत दिसली तर ती तुमची प्रथा, तीच पाळा. दिसली नाही तर समितीची बैठक घ्या, ‘वयाने ज्येष्ठ उमेदवार आधी’ असा ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि तो संपूर्ण यादीला लावा. प्राचार्यांची सही त्यावर घ्या. ‘तुम्हीच ठरवा’ हे तोंडी राहिलं तर उद्या प्रश्न तुम्हाला एकट्याला विचारला जाईल.

आणि हो, आरक्षणाच्या याद्यांना हाच नियम स्वतंत्रपणे लागतो, पण खुल्या यादीतल्या शेवटच्या जागेचा धक्का तिथेही बसतो. बरोबरीतला एक जण राखीव प्रवर्गातला असेल आणि खुल्या यादीतून खाली आला तर तो त्याच्या प्रवर्गाच्या यादीत वरच्या जागी बसतो आणि तिथला शेवटचा मुलगा बाहेर जातो. म्हणून खुल्या यादीतल्या बरोबऱ्या आधी सोडवा, मगच राखीव याद्या काढा.

चिठ्ठीला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण माहितीपत्रकात जन्मतारीख छापलेली असताना ती डावलून चिठ्ठी टाकली तर हरलेला पालक म्हणणार, नियम होता, तुम्ही तो मोडला, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. टक्के, गणित, जन्मतारीख तिन्ही समान आल्यावर, जुळ्या भावंडांच्या बाबतीत वगैरे, चिठ्ठी टाकावी. ती दोन्ही पालकांसमोर टाकावी आणि तसं आधी लिहून ठेवावं. शक्य असेल तर जन्मतारखेच्या आधी आणखी एक विषय घाला. तुमच्या विषयाला भौतिकशास्त्र किंवा दहावीचं गणित शोभेल. त्यानं जन्मतारखेपर्यंत पोचणाऱ्या जोड्या आणखी कमी होतील. अर्थात हे पुढच्या वर्षी. अर्ज सुरू झाल्यावर पायऱ्या बदलायच्या नाहीत.

पुढच्या माहितीपत्रकात असं छापता येईल: ‘टक्केवारी मिळालेल्या गुणांवरून काढून चार दशांशांपर्यंत विचारात घेतली जाईल. ती समान असल्यास बारावीच्या गणिताचे १०० पैकी गुण, तेही समान असल्यास बारावीच्या भौतिकशास्त्राचे १०० पैकी गुण, त्यानंतर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख पाहून वयाने ज्येष्ठ उमेदवारास आधीचा क्रमांक दिला जाईल. सर्व समान असल्यास पालकांसमक्ष सोडत काढली जाईल.’ यादी लावताना मात्र मुलींच्या जन्मतारखा फलकावर किंवा संकेतस्थळावर टाकू नका. ‘क्रमांकाचा आधार’ असा एक रकाना ठेवा आणि त्यात नुसतं ‘गणित’ किंवा ‘जन्मतारीख’ लिहा. कागद बघायचा असेल त्यानं आपल्यापुरता ऑफिसात येऊन बघावा.

सीबीएसईच्या मुलीच्या वडिलांना बोलावून घ्या. त्यांनी तारखेबद्दल घेतलेला आक्षेप योग्य होता, तो तपासला, हे आधी सांगा. मग दोन्ही बेरजा मांडून दाखवा, ३५९ भागिले ५०० आणि ४३१ भागिले ६००. त्यांची मुलगी प्रतीक्षा यादीत पहिली आहे हेही सांगा. इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की कॉम्प्युटर सायन्सच्या जागा सुटतात, हे तुमच्या ऑफिसला माहीत असेलच. तिचा मोबाइल नंबर बरोबर नोंदवलाय ना तेवढं पाहून घ्या, आणि तोवर तात्पुरती यादी मागे घेऊन दुरुस्त यादी तारीख-वेळ घालून लावा, हरकतींची मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजा.